दाजींचा तिसरा दिवस

फ्रेमवाला काच कापताना बोलत नाही. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा बंद नसतो, पण हिऱ्याचा कटर हातात आला की चिडीचूप. पट्टी लावायची आणि एकदाच, न थांबता रेघ ओढायची. चुकली म्हणून त्याच रेघेवरून पुन्हा कटर फिरवलात तर काच वाट्टेल तिथे फुटते. हे त्याला तीस वर्षं ठाऊक आहे. माणसांच्या बाबतीत मात्र हे शहाणपण त्याला फार उशिरा आलं, आणि त्याची किंमत त्यानं नाही, त्याच्या बहिणीनं मोजली.

नऊ वर्षांपूर्वी हा गडी स्वतः पिऊन गटारात पडायचा. रोज नाही, पण शनिवारी दुपारी सुरू झाला की सोमवारी सकाळी भानावर यायचा. घरच्यांनी एकदा दवाखान्यात दाखल केला. दहा दिवसांनी डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पुढची तारीख लिहिलेला कागद दिला आणि सोडला. पठ्ठ्या घरी पोचायच्या आत गुत्त्यात! तारखेला कोण जातो? शेवटी गल्लीतला म्हातारा चष्मेवाला त्याला मानगुटीला धरून गटात घेऊन गेला.

गट म्हणजे काय, तर दर मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या बालवर्गात जमणारी पंधरा-वीस माणसं. सगळे एकेकाळचे बेवडे. बाकं इतकी बुटकी की गुडघे हनुवटीला लागतात. नाव कोणी विचारत नाही. पाळीपाळीनं उठायचं, न पिता किती दिवस झाले ते सांगायचं, मग मनातलं बोलायचं. बाकीचे ऐकतात, टाळ्या वाजवतात. तल्लफ आली की कोणालाही, कधीही फोन करायचा. फ्रेमवाल्याला हे मानवलं. तो सुटला तो सुटलाच.

आणि मग डोक्यात हवा गेली. नवीन कोणी आला की हा छाती काढून सांगायचा, "दवाखाना? अरे, तिथे नुसतं धुऊन वाळत घालतात. आणि त्या गोळ्या म्हणजे बाटलीचीच धाकटी बहीण. मला बघा, एक गोळी न खाता सोडली!" चष्मेवाला दर वेळी टोकायचा, "औषधाचं आपण बोलायचं नाही. आपण डॉक्टर आहोत का? गटाचा नियम आहे." हा हसण्यावारी न्यायचा. आपल्यावरून जग ओळखावं म्हणतात ना, यानं तेवढंच केलं.

त्याची धाकटी बहीण बबी. तिचे यजमान वीज मीटरचं रीडिंग घ्यायचे. फ्रेमवाला त्यांना दाजी म्हणायचा. सरळ, मितभाषी माणूस. आकड्यांवर तर अशी पकड की कोणाच्या घराचं गेल्या चार महिन्यांचं रीडिंग तोंडपाठ. पण दारूनं त्यांना आतून पोखरलं होतं. सकाळी उठल्या उठल्या क्वार्टर लागायची, नाहीतर हात इतके थरथरायचे की पेन धरवत नसे. दिवसभरात अख्खी बाटली. जेवण म्हणाल तर दोन महिने भाताचे चार घास.

एका सकाळी बबी दुकानात आली. हातात दवाखान्याचा कागद.

"दादा, डॉक्टरीणबाई म्हणतात दाखल करा. आजच करा म्हणतात. मला काही सुचत नाही. तुझा गट चांगला की दवाखाना चांगला? तू यातून गेलायस. तू सांगशील तसं करते."

"दाजी काय म्हणतात?"

"ते म्हणतात, दवाखान्यात गेलो तर ऑफिसात बोभाटा होईल. पण दादा, गेल्या वर्षी परगावी गेले होते, दोन दिवस मिळाली नाही, तेव्हा त्यांना फेफरं आलं होतं. हातपाय झाडत होते."

"अगं, फेफरं कसलं? उपाशी असतील, भोवळ आली असेल," फ्रेमवाला म्हणाला. "मी सोडली ना? मग दाजींना काय शिंगं फुटलीत? आण त्यांना इकडे. माझ्या पोटमाळ्यावर ठेवतो, तीन दिवस डोळ्यात तेल घालून बघतो. मंगळवारी उभे करतो की नाही गटात, बघच तू!"

बबीनं कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. भावावर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर?

पहिल्या दिवशी दाजींना घाम फुटला, उलट्या झाल्या, हात कापत राहिले. फ्रेमवाला म्हणाला, "विष बाहेर पडतंय, पडू द्या." त्याला खरंच तसं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी झोप नाही, अन्न नाही, छातीत धडधड. गटातले दोघे येऊन बसले, पाठीवरून हात फिरवून गेले. चष्मेवालाही जिना चढून आला. दाजींकडे एकदा बघून खाली उतरला आणि म्हणाला, "मूर्खा, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने." फ्रेमवाला उखडला. "तुमचं वय झालंय. घाबरायला होतं तुम्हाला. आजची रात्र काढली की जिंकली."

तिसऱ्या दिवशी दुपारी दाजी उठून भिंतीशी उभे राहिले. भिंत कोरी होती. ते तिच्यावर बोट ठेवून आकडे वाचू लागले. "चार हजार दोनशे अकरा. लिहा. चार हजार दोनशे बारा." मग अंगावरच्या मुंग्या झटकायला लागले. मुंगी एकही नव्हती. फ्रेमवाल्यानं हाक मारली तर त्यांनी त्याला ओळखलं नाही, "मीटर कुठं लपवलाय?" म्हणून ओरडले. डोळे डावी-उजवीकडे झटके खात होते. दोन पावलं टाकली ती झोकांड्या खात, आणि तिसऱ्याला धाडकन कोसळले. अंग ताठ झालं, तोंडातून फेस आला. फ्रेमवाल्याला तेव्हा बबीचं वाक्य आठवलं, हातपाय झाडत होते. तो धडाधड जिना उतरून रिक्षा आणायला धावला.

दाजी वाचले. अकरा दिवस दवाखान्यात होते, त्यातले चार अतिदक्षता विभागात. बाराव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी भाऊ-बहिणीला खोलीत बोलावलं.

"जीव वाचलाय," त्या म्हणाल्या, "पण डोक्याला इजा झालीय. महिनोन्‌महिने धड अन्न नाही, बी-वन जीवनसत्त्व संपलेलं, त्यात दारू एकदम तोडली. जुनं आठवेल. नवीन काही टिकणार नाही. पहिल्याच दिवशी आला असतात तर जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली असती, आकडी येऊ नये म्हणून औषध दिलं असतं, ते हळूहळू कमी केलं असतं. शंभर टक्के टळलं असतं असं मी म्हणणार नाही. बहुतेक टळलं असतं."

बबी रडली नाही. तिनं फक्त पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला आणि भावाच्या पुढ्यात ठेवला.

माणूस चुकला की जास्त ओरडतो. फ्रेमवाला ओरडला, "मला तुम्हीच सोडलं होतंत ना दहा दिवसांनी? तासाभरात प्यायलो होतो मी! माझ्या गटानं वाचवलं मला, तुमच्या गोळ्यांनी नाही!"

बाई चिडल्या नाहीत. "खरं आहे. घरी गेल्यावर माणसाचं काय होतं ते आमच्या हातात फारसं नसतं. तिथे तुमच्यासारखे गट फार कामाला येतात, मीच पाठवते पेशंटना. पण ज्याला सकाळी हात थांबवायला दारू लागते, ज्याला आधी आकडी येऊन गेलीय, जो नीट जेवत नाही, किंवा ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करायचं येतं, त्यानं आधी डॉक्टर गाठायचा. एकदम सोडायची नाही, एकट्यानं तर नाहीच. तो आठवडा पार पडला की मग गट आहे, समुपदेशक आहे, ओढ कमी करणारी औषधं आहेत. कोणाला गट मानवतो, कोणाला चारचौघांत बोलणं जमत नाही. एक जमलं नाही तर दुसरं धरायचं. दोन्ही एकदम धरलं तरी कोणी अडवत नाही. तुम्हाला सकाळी लागायची का?"

"नाही," फ्रेमवाला म्हणाला. "मी शनिवार-रविवारचा."

"मग तुमचं माप त्यांना कसं लागेल?"

फ्रेमवाल्यानं पुढ्यातला कागद उचलला आणि पहिल्यांदाच उलगडून वाचला.

बबी आठ महिने त्याच्याशी बोलली नाही. दाजींची नोकरी गेली. घरभर तिनं चिठ्ठ्या चिकटवल्या: गॅस बंद करा, मी कामाला गेलेय, सहाला येते. ते चिठ्ठी वाचायचे आणि दहा मिनिटांनी विचारायचे, "बबी कुठंय?" मग एक दिवस ती स्वतः दुकानाच्या पायरीशी आली. आत आली नाही.

"मंगळवारी त्यांना तुझ्या गटात नेत जा. मला तेवढे दोन तास पाठ टेकायला मिळतील," ती म्हणाली. "आणि एक सांगते, दादा. मी तुला माफ केलं म्हणून सांगत नाहीये. माझ्याकडे दुसरं कोणी नाही म्हणून सांगतेय."

तेव्हापासून दोन वर्षं तो दर मंगळवारी दाजींना हाताला धरून बालवर्गात नेतो. पाळी आली की दाजी उठतात, शर्ट नीट करतात आणि सांगतात, "आज माझा तिसरा दिवस." पहिल्या वेळी एकट्या चष्मेवाल्यानं टाळी वाजवली. आता सगळेच वाजवतात. अहो, या माणसानं दोन वर्षांत थेंबाला स्पर्श केलेला नाही. फ्रेमवाल्यानं स्वतःचे आकडे सांगणं मात्र सोडलंय. त्याची पाळी आली की तो म्हणतो, "आज प्यायलो नाही," आणि खाली बसतो.

गेल्या मंगळवारी दारात एक बाई नवऱ्याला घेऊन उभी राहिली. नवरा सुतार, पन्नाशीचा. खिशात घातलेले हातसुद्धा कापत होते. फ्रेमवाला उठला, त्यांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. दाजी त्याची बाही धरून मागोमाग आले, ते नेहमीच येतात.

"सकाळी लागते?" फ्रेमवाल्यानं विचारलं.

"लागते."

"बंद केली तेव्हा कधी फेफरं आलं होतं? मुंग्या दिसणं, भास होणं?"

सुतारानं बायकोकडे बघितलं. "एकदा," ती म्हणाली.

"मग चला, आधी दवाखान्यात. मी येतो, बाकावर बसतो तुमच्याबरोबर. तोवर स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, ऐकताय ना? तिथून सुटलात की त्याच दिवशी इथे. दाराशी उभा असेन मी."

सुताराला ते पटेना. "दवाखाना नको हो. बोभाटा होतो. लोक म्हणाले, तुम्ही इथेच सोडलीत, एक गोळी न खाता."

फ्रेमवाल्यानं उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या आधीच दाजी पुढे झाले. त्यांनी सुताराच्या खांद्यावर हात ठेवला, आणि फार दिवसांनी कोणाला काही उपयोगाचं सांगायला मिळाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

"घाबरू नका," ते म्हणाले. "हे सांगतील तसं करा. यांच्या हाताला गुण आहे. मलाच बघा ना! यांनीच सोडवली माझी. आज तिसरा दिवस."

सुताराची बायको फ्रेमवाल्याकडे बघत राहिली. त्यानं दाजींचा हात हातात घेतला.

"ताई," तो म्हणाला, "हे माझ्या बहिणीचे यजमान. यांचं काय झालं ते वाटेत सांगतो. रिक्षा थांबवा."