नव्वद दिवसांची हमी

आक्का खरं तर एका माणसाचीच आक्का, खोक्यांच्या कारखान्याच्या मालकाची थोरली बहीण. पण तिला आक्का म्हणत नाही असा माणूस कारखान्यात नाही. सत्तरीचा वॉचमनही आक्का म्हणतो आणि बँकेतला साहेबही. पगार, हजेरी, भरती, भांडणं, सगळं तिच्या टेबलावर येतं. मालकाला ती अजून धाकटा म्हणते, तेही गिऱ्हाइकासमोर. तो बिचारा ऐकून घेतो.

या कारखान्यात औषधांची खोकी बनतात. छापील पुठ्ठ्यातून खोक्याचा आकार कापणारं मशीन आहे आणि त्यावर एकतीस वर्षं मास्तर आहेत. पातं जिथे कमी दाबतं तिथे खालून कागदाच्या बारीक पट्ट्या चिकटवायच्या, पुन्हा एक ताव काढायचा, भिंगातून बघायचं, पुन्हा पट्टी. हे काम पुस्तकातून येत नाही. दोन वर्षांपासून मास्तर म्हणत होते, "आक्का, मला आता सोडा. बायको म्हणते, उरलेले तरी माझ्या वाट्याला या." आक्कानं शब्द दिला होता, की नवा माणूस टिकला, त्या दिवशी तुम्ही मोकळे.

नवा माणूस मात्र टिकेना. आक्कानं तीन वेळा स्वतःच माणूस घेतला. फाटकावर कागद लावला, ओळखीपाळखीत सांगितलं. फी नाही, दलाल नाही, थेट काम. पहिला अडीच महिन्यांनी गेला, दुसरा चार, तिसरा पाच. मास्तरांची शिस्तच तशी होती. नव्यानं पहिले तीन महिने मशीनला हात लावायचा नाही, कापलेल्या तावांतला कचरा झटकायचा आणि नुसतं बघायचं. मग कधीतरी हात लावू द्यायचा. "कसा आहे?" असं आक्कानं विचारलं, की उत्तर ठरलेलं, "पाहू." त्या "पाहू"ला अंत नव्हता. माणसं कंटाळून निघून गेली आणि आक्का दर वेळी नव्यानं जाहिरात लिहीत बसली.

चौथ्या वेळी तिनं एजन्सीला फोन लावला.

"एक अख्खा पगार त्यांच्या घशात?" धाकटा ओरडला. "फुकट माणसं मिळत असताना?"

"तुझी फुकटची तीन माणसं शिकायच्या आधीच किती पगार घेऊन गेली, ते मोजलंस?" आक्का म्हणाली. "मी मोजलंय. साडेअकरा पगार होतात."

धाकट्यानं विषय बदलला.

एजन्सीची बाई चटपटीत होती. फी नव्या माणसाच्या एका महिन्याच्या पगाराएवढी. नव्वद दिवसांत माणूस सोडून गेला किंवा कामाच्या कसोटीला उतरला नाही, तर दुसरा माणूस फुकट, पण एकदाच. पैसे परत नाहीत. आक्कानं करार चष्मा लावून वाचला, मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. नव्वद दिवस रुजू झाल्याच्या तारखेपासून मोजायचे. बिल पंधरा दिवसांत भरलं तरच हमी लागू. आणि ज्या कामासाठी माणूस घेतला, तेच काम त्याला द्यायचं, नाहीतर हमी गेली.

तिनं तिथेच कपाळावर हात मारला. मास्तरांच्या पद्धतीनं गेलं तर नव्वद दिवस कचरा झटकण्यातच संपणार होते, आणि तो कचराही करारात बसत नव्हता.

"मास्तर, या वेळी पहिल्या दिवसापासून मशीन," तिनं सांगितलं.

"एकतीस वर्षांत असं झालं नाही."

"एकतीस वर्षांत तुम्ही घरीही गेला नाहीत."

मास्तर दोन दिवस फुरंगटले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीनशेजारी दुसऱ्या माणसापुरती जागा केली.

एजन्सीनं पाठवलेल्या पहिल्या दोघांना आक्कानं मुलाखतीतच परत पाठवलं. तिसरी बाई आली, तिशीची, दोन मुलांची आई, लहान मशीनवर सहा वर्षं काढलेली. कारखान्यात तिचं नाव नवी पडलं. सगळ्यांची बिलं लोंबकळत ठेवायची धाकट्याची जुनी खोड, पण हे बिल आक्कानं बाराव्या दिवशी त्याच्यासमोर बसून भरायला लावलं. मग कॅलेंडरवर नव्वदाव्या दिवसाला लाल गोल केला.

त्या गोलाची वाट बघणारं आणखी एक माणूस होतं. दर सोमवारी मास्तरांची बायको फोन करी. "किती राहिले?" एवढंच विचारी. आक्का आकडा सांगे आणि दोघी हसत.

नवी कमी बोलायची आणि भिंग जास्त वापरायची. विसाव्या दिवशी तिनं एकटीनं पट्ट्या लावल्या. पन्नासाव्या दिवशी मास्तरांना जेवायला पूर्ण अर्धा तास मिळाला, आणि त्यांना तो कुठे घालवावा ते कळेना. ते डबा घेऊन मशीनपाशीच उभे राहून जेवले.

शहाऐंशीव्या दिवशी मास्तर आक्काच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

"ही नको. बदली मागा. हात हलका आहे तिचा."

नवीनं कालच मुलीच्या शाळेचं विचारलं होतं, इथल्या जवळच्या शाळेत घालू का म्हणून. धाकट्यानं आतून ऐकलं आणि तो लगेच बाहेर आला. "घे ना बदली! फुकट आहे. हमी कशासाठी घेतलीय?"

"फुकट मिळतंय म्हणून चांगला दात काढून घेतोस का?" आक्का म्हणाली. तिला आता सगळं दिसत होतं. थेट घेतलेल्या माणसांना शेवटची तारीखच नव्हती, म्हणून मास्तरांचं "पाहू" चालून गेलं. तिघं का गेले याचा दोष ती दोन वर्षं स्वतःच्या निवडीला देत आली होती. इथे चार दिवसांत हो किंवा नाही म्हणणं भाग होतं. तिला मास्तरांचा राग आला आणि त्याच क्षणी त्यांची कीवही आली.

तिनं ड्रॉवरमधून एजन्सीचा फॉर्म काढला. "बदली लेखी मागायची असते, कारणासकट. ते तुम्हीच लिहा. कामातलं मला काय कळतं?"

मास्तर फॉर्म घेऊन गेले. दुपारभर मशीनच्या आवाजात खंड पडला नाही. आक्का दोनदा उठून काचेतून बघून आली. मास्तर खुर्चीवर, मांडीवर फॉर्म. नवी मशीनवर.

सुट्टीच्या वेळी त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत उभे राहिले. कारणाच्या रकान्यात पहिली ओळ होती, "सेटिंगला वेळ लागतो." ती खोडली होती, कारण नोंदवहीत नवीचा वेळ त्यांच्यापेक्षा पाच मिनिटांनी कमी होता. दुसरी, "माल नासतो." तीही खोडलेली. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, "कारण माझं आहे. तिचं नाही."

आक्कानं ते वाचलं. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत.

"मास्तर, घरी काय करू, हेच ना?"

"हो," मास्तर म्हणाले. "दुसरं काय?"

तो कागद एजन्सीकडे गेला नाही. नव्वदाव्या दिवशी मास्तरांनी भिंग पुसून नवीच्या हातात दिलं. "हात हलका आहे," ते म्हणाले, "पातं जास्त टिकेल." मग डबा उचलून ते भर दुपारी फाटकाबाहेर पडले.

पुढच्याच महिन्यात पॅकिंगला माणूस हवा होता. आक्कानं एजन्सीला विचारलं नाही, फाटकावर कागद लावला. त्या कामाला आठ दिवसांत माणूस कळतो, तिथे एजन्सीला एक पगार कशाला द्यायचा?

सोमवारी फोन वाजला. आता काय मोजायचं राहिलं, असं म्हणत आक्कानं उचलला. मास्तरांची बायको होती.

"आक्का, यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. मला तीन महिने कशाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं म्हणतात. तुमच्या त्या एजन्सीला विचारा ना, नवऱ्याला नव्वद दिवसांची हमी आहे का?"

"आहे की," आक्का म्हणाली. "पण बदली मागायची तर लेखी कारण लागतं."

पलीकडे मागे कुठेतरी मास्तर डब्यांवरून काहीतरी सांगत होते.

"मग राहू द्या," ती म्हणाली. "कारण नाही माझ्याकडे."