मावशीच्या रिकाम्या खोलीसाठी

हे मी लिहिणारच नव्हते. मावशी म्हणाली होती, "माझं रडगाणं चव्हाट्यावर नको." पण एक तारीख डोक्यावर आलीय आणि माझ्या जिवाला घोर लागलाय, म्हणून लिहितेच.

मावशी घरीच शिवते. ब्लाउज, गणवेश, जुने कपडे सैल-घट्ट करणं. पुढच्या खोलीत मशीन, मधल्या खोलीत ती, मागची खोली रिकामी. तिथे राहून भाड्यात वाटा देणारी नर्स लग्न होऊन गेली. घरमालक म्हणाले, "दुसरी बाई ठेवा, माझी ना नाही. पण एक तारखेला भाडं पूर्ण द्या, नाहीतर घर सोडा." घर सुटलं की गिऱ्हाईक सुटलं. मावशीला दुसरं काही येत नाही.

मी जाहिरात लिहून पाठवली, फक्त भाग आणि भाडं घालून. तिला ती पटली नाही. "खोली कुठंय ते सांगायचं नाही, मग माणूस येणार कसा?" मी लेक्चरला असताना तिने स्वतःच दुसरी लिहून नेटवर टाकली. वर लिहिलं, 'एकटी बाई, दिवसभर घरीच.' म्हणजे मुलींना विश्वास वाटेल. उजेड दिसावा म्हणून पडदा सारून खिडकीचा फोटो काढला, त्यात समोरच्या दवाखान्याची पाटी स्पष्ट.

संध्याकाळी बेल वाजली. एक माणूस. "बहिणीसाठी खोली बघायचीय."

"बहीण कुठंय?"

"येईल नंतर. तुम्ही एकट्याच ना?"

मावशीने दाराची साखळी काढली नाही. "आत बायका मापं द्यायला आल्यात," म्हणाली. आत कुणीच नव्हतं. दार लावून मशीनवर बसली आणि नुसतंच पायडल मारत राहिली, बाहेर आवाज जावा म्हणून. सुईखाली कापडसुद्धा नव्हतं. पावलं जिन्यावरून उतरली तेव्हा मला फोन केला. "जाऊ दे गं ते घर. मला नको कुणी." मावशी असं बोलत नाही कधी.

आम्ही ती पोस्ट काढली, नवी टाकली. त्या नव्या पोस्टवर एकीचा मेसेज आला, "परदेशात आहे, डिपॉझिट जास्त पाठवते, उरलेलं परत करा." फसवणूकच ती. ब्लॉक. मग सगळं शांत. मावशी विचारते, "आलं का कुणाचं?"

म्हणून इथे. नोकरी करणारी किंवा शिकणारी मुलगी हवी. भाडं सहा हजार, वीजबिल अर्धं अर्धं, डिपॉझिट दोन महिन्यांचं, तेही खोली बघून करार झाल्यावरच. घरात पुरुष पाहुणे नकोत, सिगारेट नको. रात्री उशीर होणार असेल तर आधी कळवायचं. मशीनची खडखड सोसावी लागेल. नंबर, पत्ता इथे देत नाही, मला मेसेज करा. ओळखपत्र दाखवा, आम्हीही दाखवू. पहिली भेट दिवसाउजेडी, घराजवळच्या चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात. सोबत मैत्रीण, आई, कुणालाही आणा. मावशीही शेजारच्या काकूंना घेऊन येईल.

ती बोलायला जरा फटकळ आहे, मनाने नाही. एक तारखेच्या आत तिला भेटा, प्लीज.