सरांचा अडलेला शब्द

"जपून" हा शब्द सर कुणालाही म्हणायचे. रिक्षातून उतरणाऱ्या बाईला, जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्याला, माझ्या दुकानातून पत्रिका घेऊन निघालेल्या अनोळखी नवरदेवालासुद्धा. स्वतः खुर्चीवर बसण्याआधी ते कुडत्याचा मागचा घोळ हाताने उचलून धरायचे, खुर्ची नीट न्याहाळायचे आणि मगच टेकायचे. खुर्ची साधी प्लास्टिकची आणि मी ती रोज पुसतो. एकदा म्हणालो, "सर, खिळे नाहीयेत तिला." तर म्हणाले, "नसतील. तरी जपून."

श्रीरामपुरात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रकं, आमच्या चर्चचं मासिक, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल ते करतो. सर राहात्याच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले. समोर उभं राहिलं की आपल्याला स्वतःचं नावही शुद्ध लिहिता येईल की नाही अशी शंका यावी, असे मराठीचे एक मास्तर तुम्हीही पाहिले असतील. हे त्यातलेच. निवृत्तीनंतर ते एका मौलानांकडे अरबी शिकले आणि त्यांच्या डोक्यात एक काम शिरलं.

निकाहच्या खुतब्यात, म्हणजे लग्नाच्या प्रवचनात, काझी कुराणातल्या काही आयती अरबीत म्हणतात. पाहुणे माना खाली घालून ऐकतात, मग छुहारे, म्हणजे खारका, वाटल्या जातात आणि सगळे जेवायला पळतात. सरांचं म्हणणं, आता पोरांना अरबी तर नाहीच, उर्दूही वाचता येत नाही. त्यांना मराठीत अर्थ द्यायला हवा. छुहाऱ्यांबरोबर हातात पडेल अशी छोटी पुस्तिका काढायची. मशिदीच्या कमिटीने होकार दिला होता.

या आयतींमध्ये एकच आज्ञा पुन्हा पुन्हा येते. त्या क्रियापदापासूनचं नाम 'तकवा'. उर्दूतले जुने भाषांतरकार बहुतेक 'अल्लाह से डरो' लिहितात. सरांनीही 'अल्लाहचे भय बाळगा' असंच लिहून आणलं होतं. आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब देवाच्या भयावरच बोलतात, त्यामुळे मी न अडखळता टाइप केलं.

"माझी मुलगी समोर असती तर तिने इथेच धरलं असतं मला," सर सहज म्हणाले.

मुलगी त्यांची एकुलती. पुण्याला शिकताना तिने इंग्रजी भाषांतरं वाचली होती. त्यांतल्या काहींनी त्याच जागी 'ईश्वराचं भान ठेवा' अशा अर्थाचे शब्द घातलेत. सुट्टीत घरी आली की जेवताना बापलेकीचं यावरून जुंपायचं. ती म्हणायची, या शब्दाच्या मुळात भीती नाहीच, स्वतःला राखणं आहे, मध्ये काहीतरी आड धरणं आहे. निव्वळ भीतीसाठी कुराणात 'खौफ' आहे, 'खशियत' आहे. तेच म्हणायचं असतं तर तेच शब्द आले असते. सर म्हणायचे, हेच क्रियापद कुराणात नरकाच्या आगीसाठीही आलंय, आगीपासून स्वतःला वाचवा म्हणून. आगीचं काय नुसतं भान ठेवून बसायचं? भीती असते म्हणूनच माणूस स्वतःला राखतो. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी कौतुकच म्हणेन.

मग ते म्हणाले, "आता बोलणं नाही आमचं." बस चुकली हे सांगावं तसं.

तिने आपल्या मनाने लग्न केलं होतं. मुलगा सुप्याच्या एका कारखान्यात कामाला. जमातीतलाच, निर्व्यसनी, खोट काढावी असं काही नाही. फक्त बापाला न विचारता ठरलं. सर निकाहला गेले नाहीत आणि पुढे तिचा फोन आला की उचलत नसत. दुकानात बसलेले असतानाही एकदा वाजला. त्यांनी पाहिलं, आणि तो उलटा करून ठेवला.

पुस्तिका अडली ती 'निसा' या सूरेतल्या, म्हणजे अध्यायातल्या, पहिल्या आयतीवर. त्यात ही आज्ञा दोनदा येते. दुसऱ्या वेळी वाक्य असं जातं, की ज्याच्या नावाने तुम्ही एकमेकांकडे मागता त्या अल्लाहचं भय बाळगा आणि 'अरहाम'चं. अरहाम म्हणजे शब्दशः गर्भाशयं, म्हणजे रक्ताची नाती. क्रियापद एकच, त्याची कर्मं दोन. आता नात्यांचं भय बाळगा असं मराठीत लिहिणार कसं? बरेच भाषांतरकार इथे मध्येच दुसरं क्रियापद घालतात, 'आणि नाती तोडू नका'. सरांनीही तेच केलं होतं. पण त्यांना ते टोचत होतं. मी प्रूफ द्यायचो, ते त्या ओळीवर पेन्सिल टेकवून बसायचे आणि "राहू द्या आज" म्हणून निघून जायचे. असं बरेच आठवडे चाललं. मी चिडायचो, कारण माझी मांडणी तयार होती.

"हीच ओळ दाखवायची ती," एक दिवस म्हणाले. "म्हणायची, अब्बा, दोघांना चालेल असा एक शब्द द्या, मी हरले. मला देता आला नाही."

"मग आता विचारा की तिला," मी म्हणालो.

"पुस्तिका झाली की पाठवीन. तेवढंच निमित्त."

पुस्तिका व्हायच्या आत ती गेली. तापाचं निमित्त झालं. सर सुप्याला दफनाला जाऊन आले, हे मला इतरांकडून कळलं. काही दिवसांनी ते दुकानात आले आणि थेट खुर्चीत बसले. कुडता उचलला नाही. खरं सांगतो, मला त्या वेळी काही वाटलं नाही. मी फाइल उघडली.

"लिहा," ते म्हणाले. "त्या अल्लाहशी जपून वागा, आणि रक्ताच्या नात्यांशीही."

मी टाइप केलं. एक क्रियापद, दोन्हीकडे बसलेलं. भयही त्यात होतं आणि भानही. मी म्हणालो, "सर, बसलं की."

"व्हय," ते म्हणाले. वर्गात आयुष्यभर 'होय' म्हणायला लावणारा माणूस. "जन्मभर तोंडात होतं. ज्याला त्याला म्हणत हिंडलो." मग बाकीच्या आयतींमधलं भयही त्यांनी काढायला लावलं आणि पुस्तिका छापून घेतली.

कमिटीला ते पटलं नाही. वडीलधारे म्हणाले, आमच्या थोरांनी 'डरो' लिहिलंय, तुम्ही कोण बदलणार? त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. सर भांडले नाहीत. छपाईचे पैसे देऊन गेले आणि पुस्तिकांचा गठ्ठा माझ्याकडेच राहिला. पुढे त्यांचं येणं थांबलं. रस्त्यात दिसले तर मान हलवायचे, पण कुणाला 'जपून' म्हणताना मी पुन्हा ऐकलं नाही. गेल्या हिवाळ्यात तेही गेले.

त्यानंतर त्यांचा जावई आला, कुणीतरी गठ्ठ्याचं सांगितलं म्हणून. मी एक प्रत काढून ती ओळ दाखवली. त्याने उभ्यानेच वाचली.

"हे कवा छापलं?"

"त्या गेल्यानंतर."

तो त्या ओळीकडे बघत राहिला. "फोनपाशी बसून ऱ्हायची ती," म्हणाला. "मी म्हनायचो, न्हाई उचलत तर नको करू. तर म्हनायची, अब्बांचा एक शब्द अडलाय, तेवढा सुटला की उचलतील."

मी गठ्ठा पुढे केला. त्याने एकही प्रत घेतली नाही. हातातली होती तीही परत वर ठेवली, कडा जुळवून, आणि निघाला. पायरीशी फरशी ओली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "जपून."

तो थांबला, पण वळला नाही.