फुग्यातून वर फेकलेला चेंडू

निशा लहानपणापासून भित्री. हर्सूलच्या घरी तिची आई गोजरबाई म्हणायची, "ह्या पोरीला सावलीनं जरी हटकलं तरी माफी मागंल." पण पोरीनं फिजिक्समध्ये एमएस्सी केली. आता नोकरी पाहिजे होती आणि नोकरीसाठी पोरांपुढं उभं राहावं लागतं, हीच तर रड होती.

पुंडलिकनगरातल्या क्लासचा डेमो तिचा तिसरा. आधीच्या दोन ठिकाणी नकार आला होता. हाही गेला तर घरचे लग्नाचं बघणार होते. मागच्या बाकावर मालक आप्पासाहेब हाताची घडी घालून बसलेले.

तिनं गणित लिहिलं. फुगा सेकंदाला पाच मीटर वेगानं वर चाललाय, जमिनीपासून चाळीस मीटरवर आहे. आतला माणूस फुग्याच्या मानानं सेकंदाला पाच मीटर वेगानं चेंडू सरळ वर फेकतो. चेंडू जमिनीवर कधी पडंल, आणि जास्तीत जास्त किती उंच जाईल?

फुग्यातून दगड सोडायचं गणित तिनं इतक्यांदा घोकलं होतं, की हातानं आपसूक सुरुवातीचा वेग पाच लिहिला. गणित सरकलं आणि वर्गमुळाखाली तेहेतीस येऊन बसले. डेमोच्या गणितात उत्तर असं वेडंवाकडं येत नसतं, बाई!

पहिल्या बाकावरचा विश्वजीत म्हणाला, "मॅडम, चेंडू सोडला की फेकला?"

पोराला दटावून वेळ मारून नेता आली असती, बरेच सर नेतात. पण खोटं रेटायला जिगर लागते, ती हिच्याकडं कुठली?

"फेकला. माझं चुकलं," ती म्हणाली आणि फळा पुसला. "फुगा वर जातोय, म्हणून चेंडूला त्याचे पाच आधीच मिळालेत. फेकण्याचे पाच वेगळे. जमिनीवरून बघितलं तर दहा."

ती लिहीत गेली. गुरुत्वाकर्षण दरसेकंदाला दहानं वेग कमी करतं. म्हणजे एका सेकंदात चेंडू थांबला, तेवढ्यात पाच मीटर चढला. पंचेचाळीस मीटर, हीच त्याची सगळ्यात जास्त उंची. तिथून खाली यायला तीन सेकंद. एकूण चार.

आप्पासाहेब उठले. डेमो संपला की ते पोरांना एकच गोष्ट विचारत, "कुणाला नाय समजलं?" हात वर झाले की मास्तरला नारळ. म्हणून पोरंही बिचारी दयेनं गप्प बसत.

आज निम्म्या वर्गानं हात वर केले. निशानं डस्टर घट्ट धरलं. संपलं सगळं.

आप्पासाहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "काय रे, दोन महिने झाले हा धडा शिकवून. तेव्हा तर कुणी बोललं नाय."

"तेव्हाही नव्हतं समजलं, सर," सायली नावाची पोरगी हळूच म्हणाली. "विचारायची भीती वाटायची. ह्या मॅडमना विचारायला नाय वाटत."

आप्पासाहेब परत बाकावर बसले.

"सांगा मॅडम, पहिल्यापासून," ते म्हणाले. "मलाही जरा ऐकू द्या."