काढलेल्या अठरा ओळी

ऑफिसात तिला सगळे ‘ब्रेक’ म्हणत. तोंडावर ब्रेकताई आणि पाठीमागे नुसतं ब्रेक. तिला ते ठाऊक होतं आणि पहिल्या दोन-चार वर्षांनंतर त्याचं वाईट वाटायचंही थांबलं होतं. रुग्णालयांत वापरायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत ती एकोणीस वर्षं काढून बसली होती. तिचं काम बोलूनचालून खुसपटं काढण्याचं. रुग्णांची नोंद साठवण्याच्या पद्धतीत कुणी बदल केला, की तो आधी तिच्याकडे यायचा. जुन्या पद्धतीने आधीच साठवलेल्या लाखो नोंदी नव्या प्रोग्रामला नीट वाचता येतील का, हे तिने पाहायचं आणि मगच पुढे जाऊ द्यायचं. गाडी सुरळीत चालली, की या कामाकडे कुणी ढुंकून बघत नाही. अडली, की सगळ्यांची बोटं तिच्याकडे.

त्या बुधवारी दाढीवाल्याने पाठवलेला बदल तिने उघडला आणि चहाचा कप तसाच बाजूला ठेवला.

दाढीवाला टीममधला हुशार माणूस. चार वर्षांपूर्वी आला, हात झपाझप चालतो, स्वभावानेही वाईट नाही. बदल ऍलर्जीच्या नोंदीचा होता. आतापर्यंत रुग्णाच्या ऍलर्जींची नुसती नावांची यादी साठवली जायची. आता प्रत्येक नावासोबत त्रास किती होतो आणि तो कधी लक्षात आला, हेही साठवायचं होतं. डॉक्टरांची मागणी रास्त होती. नावांच्या यादीचं नव्या रूपात रूपांतरही त्याने चोख लिहिलं होतं. पण खाली, लाल रंगात, काढून टाकलेल्या अठरा ओळी होत्या.

त्या अठरा ओळी तिच्या होत्या.

यादीच्याही आधी, अगदी सुरुवातीच्या काळात, ऍलर्जी म्हणजे एका चौकटीत टाइप केलेली सलग ओळ असायची. ‘पेनिसिलीन, सल्फा, शेंगदाणे’ असं काहीबाही. सहा वर्षांपूर्वी याद्या आल्या, तेव्हा सगळ्या नोंदी बदलायला वेळ नव्हता. म्हणून मागच्या तीन वर्षांत येऊन गेलेल्या रुग्णांच्याच नोंदी बदलल्या, बाकीच्या तशाच ठेवल्या. त्यातलं कुणी कधी उगवलं, तर नोंद उघडताना ओळीची यादी करायची, एवढं काम त्या अठरा ओळी करत.

ती उठून दाढीवाल्याच्या टेबलाशी गेली. “या ओळी का काढल्यास रे?”

“ताई, मेलेला कोड आहे तो. चारशे बारा चाचण्या आहेत आपल्या, एकीतही तो चालत नाही. काढल्यावर सगळ्या पास.”

“चाचण्यांतले रुग्ण आपणच बनवलेले. त्यातला एकही सहा वर्षांपेक्षा जुना नाही. आता मला सांग, सलग ओळीची नोंद आली तर तुझा प्रोग्राम काय करेल?”

त्याने स्क्रीनवर बोट फिरवलं. “यादी नसेल तर... रिकामी यादी धरेल.”

“आणि रिकामी यादी असली की डॉक्टरला काय दिसतं?”

“हिरवी पट्टी. ‘ज्ञात ऍलर्जी नाही’.”

“म्हणजे ज्याला पेनिसिलीनने श्वास कोंडतो, त्याला आपण ठणठणीत ठरवणार.”

“पण ताई,” तो कसानुसा झाला, “वर कॉमेंटमध्ये फक्त ‘काढू नका’ एवढंच लिहिलंय. का, ते कुठे आहे? मला कसं कळणार?”

तिने वाकून ती कॉमेंट वाचली. घाईत लिहिलेले दोन शब्द. कारण नाही, चाचणी नाही. सहा वर्षांपूर्वीच्या स्वतःच्याच आळसावर ती मनातल्या मनात चरफडली.

जागेवर येऊन तिने मुद्देसूद लिहिलं. एक, त्या ओळी परत घाला आणि त्यांची चाचणी लिहा. दोन, ओळखता न आलेलं रूप कधीही ‘रिकामं’ धरू नका. तिथे लाल पट्टी दाखवा, ‘नोंद वाचता आली नाही, रुग्णाला विचारा’. तीन, नव्या रूपात साठवलेल्या नोंदी जुन्या प्रोग्रामला वाचता येत नाहीत, त्यामुळे एकदा पुढे गेलं की मागे फिरायला वाट नाही, ती आधी करा. चार, जुन्या नोंदी प्रत्यक्ष किती, ते मोजू द्या. शेवटी शेरा: नामंजूर.

मोजायला, बदल जिथे आधी चालू व्हायचा त्या रुग्णालयाची परवानगी लागायची. अर्ज, दोन सह्या, आठ दिवस. आणि टीमच्या साहेबांनी त्याच रुग्णालयाला सोमवारचा शब्द देऊन ठेवलेला.

“अहो, सहा वर्षांपूर्वी सगळं बदललं होतं ना आपण?” साहेब मीटिंगमध्ये म्हणाले.

“सगळं नाही. तीन वर्षांतलंच. तेव्हाही मी सांगितलं होतं.”

“मग उरलेले लोक नऊ वर्षांत आलेलेच नाहीत! ते आता कशाला येतायत?”

“साहेब, माणूस आजारी पडला की येतो. आणि मध्ये आलेल्यांचंही खरं नाही. नोंद नुसती उघडली, साठवली नाही, तर ती अजून जुनीच असते.”

“बरं, ती लाल पट्टी तरी नको. पहिल्याच दिवशी स्क्रीन लालेलाल झाली तर डॉक्टर घाबरतील. एकाच छोट्या रुग्णालयात चालू करतोय आपण. मी घेतो जबाबदारी.” त्यांनी आपल्या अधिकारात बदल मंजूर केला. तिचा ‘नामंजूर’ शेरा तिथेच खाली लटकत राहिला.

घरी तिने भांडी जरा जास्तच आपटली. नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो दारात उभा राहून म्हणाला, “लेखी दिलंस ना? मग सुटलीस तू.”

“सुटायचं कुणाला होतं? थांबवायचं होतं.”

“मग साहेबांच्या वरच्याला सांग.”

“सांगितलं. त्याने पत्र साहेबांनाच पाठवलं, ‘बघून घ्या’ म्हणून.” नवऱ्याने फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागला.

सोमवारी बदल चालू झाला. दिवसभर काही झालं नाही. संध्याकाळी साहेब तिच्या टेबलावरून मुद्दाम सावकाश गेले. मंगळवारी अकराच्या सुमाराला मदतकक्षातला फोन तिच्याकडे वळवला गेला. रुग्णालयातल्या सिस्टर होत्या, आवाजात संताप मावत नव्हता.

“तुमचं मशीन खोटं बोलतंय! दहा वर्षांनी आलेले आजोबा आहेत समोर. स्क्रीनवर हिरवी पट्टी. मी इंजेक्शन भरलं, सवयीने विचारलं, तर म्हणतात, पेनिसिलीन अजिबात नको, मागे याच रुग्णालयात मरता मरता वाचलो. मी तेव्हा इथेच होते हो! मीच टाइप केलं होतं ते!”

तिने घाईने विचारलं, “दिलं नाही ना?”

“नाही दिलं. पण मी विचारलं म्हणून! नसतं विचारलं तर?”

आपलं खरं ठरल्याचा आनंद तिला औषधालाही झाला नाही. ती सरळ साहेबांच्या खोलीत गेली. ते म्हणाले, “ताबडतोब जुना प्रोग्राम परत लावा.”

“लावता येणार नाही. दोन दिवसांत नव्या रूपात साठवलेल्या नोंदी जुन्याला वाचता यायच्या नाहीत. मुद्दा तिसरा. वाचला असता तर...”

साहेबांनी रुग्णालयाला फोन करून हिरव्या पट्टीवर विसंबू नका, प्रत्येकाला विचारा, म्हणून सांगितलं. तासाभरात दाढीवाल्याने अठरा ओळी परत घातल्या, लाल पट्टीही घातली. पण मूळ दुखणं पुढेच होतं. डॉक्टर नोंद साठवतो, तेव्हा ती अख्खी नव्याने लिहिली जाते. म्हणजे दोन दिवसांत उघडून साठवलेल्या जुन्या नोंदींतली ती सलग ओळ पुसली जाऊन तिथे रिकामी यादी बसली होती. आठ दिवसांची परवानगी आता अर्ध्या तासात मिळाली. रविवारच्या बॅकअपशी ताळा केला, तर अशा त्रेसष्ट नोंदी निघाल्या.

ती आणि दाढीवाला शेजारी शेजारी बसून एकेक नोंद बघत गेले. रविवारी काय होतं, आज काय आहे. एकोणसाठ नोंदींत जुनी माहिती परत घालून ‘पुन्हा विचारा’ अशी खूण केली. चार मात्र अडकल्या. तिथे डॉक्टरांनी ‘विचारून खात्री केली’ या चौकटीत टिक केलेली होती.

“खरंच विचारलं असेल आणि ऍलर्जी नसेलही,” दाढीवाला म्हणाला.

“किंवा हिरवी पट्टी बघून हाताने टिक केली असेल. इथे बसून आपल्याला ते कधीच कळणार नाही.”

म्हणून बुधवारी ती स्वतः रुग्णालयात गेली. सिस्टरांनी चष्म्यावरून तिला वरखाली न्याहाळलं. “तुम्ही त्या मशीनवाल्या?”

“हो.”

“बसा.” स्टूल पुढे सरकवत त्यांनी फोन उचलला.

पहिल्या बाईंना कुणी काही विचारलंच नव्हतं, सल्फाने आजही अंगावर गांध्या उठत होत्या. दुसऱ्या गृहस्थांना डॉक्टरांनी नीट विचारलं होतं. लहानपणीचा तो त्रास ऍलर्जीचा नव्हताच, असं तपासणीत निघालं होतं. तिथे जुनी माहिती डोळे मिटून परत घातली असती, तर तीच चूक ठरली असती. तिसऱ्या फोनवर सून होती. तिने सासूबाईंना विचारून सांगितलं, डॉक्टरांनी काही विचारलं नव्हतं. चौथा फोन वाजत राहिला.

“याचं काय लिहायचं?” सिस्टर म्हणाल्या.

लिहायला जागाच नव्हती. नव्या रूपात ‘आहे’ होतं, ‘नाही’ होतं, ‘माहीत नाही’ नव्हतं. तिने तात्पुरती लाल पट्टी लावून ठेवली आणि ऑफिसात परतून स्वतःच एक बदल लिहिला, ‘माहीत नाही’ ही तिसरी अवस्था घालणारा.

दरम्यान साहेबांच्या अहवालात घडल्या प्रकाराचं कारण ‘आपसांतील संवादाचा अभाव’ असं आलं. तिने ते दोनदा वाचलं. तिचं चार मुद्द्यांचं टिपण त्यात जोडलेलं नव्हतं. ते जोडा, असं तिने कळवलं. उत्तर आलं नाही. एक गोष्ट मात्र पदरात पडली. प्रत्येक काळातल्या रूपाच्या, खोटी नावं घातलेल्या नमुना नोंदींचा एक संच बनवायचा आणि कुठलाही बदल त्यावर पास झाल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचा नाही, हे मंजूर झालं. पाच वर्षं ती हेच मागत होती.

तिचा बदल तपासायचं काम दाढीवाल्याकडे गेलं. तासाभराने शेरा आला: नामंजूर.

ती तरातरा त्याच्याकडे गेली. “आता काय?”

“ताई, बाकीच्या रुग्णालयांत आता नवं रूप वाचता येतं, पण प्रोग्राम या बदलाच्या आधीचाच आहे. रुग्ण इकडून तिकडे गेला, की नोंद जाते. त्या प्रोग्रामला ‘माहीत नाही’ हा शब्द ठाऊक नाही. तो काय करेल?”

तो प्रोग्राम अख्खी नोंद उघडायलाच नकार देणार होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली, त्याच्यावर, स्वतःवर, अर्धवट ठेवलेल्या सगळ्या जुन्या-नव्यावर. पण मुद्दा बिनतोड होता.

“आधी सगळीकडे तो शब्द वाचता येईल असं करायचं,” ती शेवटी म्हणाली, “आणि मगच कुठेतरी लिहायला लागायचं. दोन टप्प्यांत.”

“तेच लिहिलंय मी खाली.”

“वाचलं नव्हतं,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. तितक्यात सिस्टरांचा फोन आला. चौथा नंबर आता बंदच लागत होता. पत्ता सापडला होता, उद्या ड्यूटीनंतर त्या स्वतः जाऊन येणार होत्या.