लुकलुकणारा नारिंगी दिवा

मी मुळातच अधीर बाई आहे. लिफ्ट यायची वाट पाहण्यापेक्षा मी जिने चढते, आणि वर पोचेपर्यंत लिफ्टला शिव्या देते. त्यामुळे त्या रविवारी सकाळी बाबांच्या कानातल्या बड्सची डबी उघडली आणि तिच्यावरचा बारका दिवा नारिंगी रंगात लुकलुकायला लागला, तेव्हा माझी काय गत झाली असेल ते सांगायला नको.

दुपारी कामठीहून पाहुणे यायचे होते. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू होती. तिला घरात सगळे बारकीच म्हणतात. ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, आणि त्या कामावर तिचा जीव आहे. मागच्या बैठकीत मुलाच्या मोठेबाबांनी, म्हणजे त्याच्या थोरल्या काकांनी, बोलता बोलता विचारलं होतं की लग्नानंतर मुलगी नोकरी सोडेल ना, घरी दोन म्हातारी माणसं आहेत. माझ्या बाबांनी प्रसन्न चेहऱ्याने मान हलवली आणि "हो हो, काही हरकत नाही" म्हणाले. त्यांना एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. बाबा गेल्या काही वर्षांत बरेच बहिरे झालेत, पण "काय म्हटलं?" असं चारचौघांत विचारायची त्यांना लाज वाटते. त्यापेक्षा ते होकार देऊन मोकळे होतात.

बारकीने नंतर त्या लोकांना फोन करून सांगितलं की मी नोकरी सोडणार नाही. तिकडून गोड आवाजात उत्तर आलं, "अवं, तुझ्या वडिलांनीच तर शब्द दिला." संपलं. आता शब्द परत घ्यायचा तर तो बाबांनीच घ्यायला हवा होता, आणि त्यासाठी समोरचा काय विचारतोय ते त्यांना ऐकू यायला हवं होतं.

कानाचं यंत्र लावायला बाबा मरेपर्यंत तयार होणार नाहीत. म्हणून मी शक्कल लढवली. माझ्याकडे पांढरे बिनतारी बड्स होते, तसलेच त्यांच्यासाठी आणले. फोनमध्ये एक सोय असते. फोन बोलणाऱ्यापुढे ठेवायचा, तो आपल्या माइकने आवाज पकडतो, मोठा करतो आणि कानातल्या बड्समध्ये पाठवतो. बाबांना ते एकदम पसंत पडलं. "हे तर कॉलेजची पोरं घालतात," असं म्हणून आरशात पाहून आले. रोज संध्याकाळी आम्ही सराव करायचो. मी स्वयंपाकघरात फोनपुढे पुटपुटायची, ते हॉलमधून उत्तर द्यायचे.

आणि नेमकं त्या दिवशी घोडं पेंड खायला लागलं. बड्स फोनला जुळेनात. फोन आपला दर वेळी एकच सांगायचा, जोडता आलं नाही.

"चार्जिंग संपली असंन," बारकी म्हणाली. "माह्या डबीत लाल लागला की मी वायर लावते. होऊन जाते."

तिची डबी दुसऱ्या कंपनीची, स्वस्तातली. त्यात लाल दिवा म्हणजे चार्ज कमी, एवढं साधं शास्त्र. आम्ही तेच इथे लावलं. वायर जोडली आणि वाट पाहत बसलो. वाट पाहणं म्हणजे मी दर थोड्या वेळाने झाकण उघडून बघायची आणि बारकी म्हणायची, "राहू दे ना वं, तुह्या उघडण्यानंच चार्ज नाई होऊन राहिली ते." दिवा मात्र लुकलुकतच होता. मला त्या एवढ्याशा ठिपक्याचा इतका राग आला की त्याच्यावर चिकटपट्टी लावावीशी वाटली.

शेवटी फोनवर त्या बड्सचं माहितीपत्रक शोधलं. खरं तर हे आधीच करायला हवं होतं, पण वाचायला धीर लागतो. त्यात लिहिलेलं होतं की हिरवा दिवा म्हणजे पूर्ण चार्ज. नारिंगी आणि स्थिर म्हणजे चार्ज अजून पुरा नाही. पांढरा लुकलुकणारा म्हणजे जुळायला तयार. आणि नारिंगी लुकलुकणारा म्हणजे काहीतरी बिघडलंय, नव्याने जोडणी करा. म्हणजे रंगाला अर्थ होता तसा लुकलुकण्यालाही होता, आणि आम्ही फक्त रंग पाहून सकाळ घालवली होती.

मग नव्याने जोडणी. फोनच्या यादीतून बाबांचे बड्स काढून टाकले. डबीच्या मागचं बटण दाबून धरलं. पत्रकात लिहिल्याप्रमाणे दिवा आधी नारिंगी व्हायला हवा आणि मग पांढरा. आमचा नारिंगी झाला आणि नारिंगीच राहिला. कोरड्या कापसाच्या काडीने डबीतल्या खाचा पुसल्या, बड्सच्या बुडाचे धातूचे ठिपके पुसले, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तेच. तेवढ्यात मुलाचा बारकीला मेसेज आला, निघालो म्हणून.

बाबा सोफ्यावर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांना आमची पळापळ दिसत होती, पण काय चाललंय ते ऐकू येत नव्हतं. "काहून वं, काय झालं?" त्यांनी दोनदा विचारलं. मी हातानेच "काही नाही" केलं. त्यांचा चेहरा उतरला. लहान मुलाला सहलीला नेतो सांगून गाडी नाही म्हणावं, तसं मला वाटलं.

"तुझे देऊन टाक ना त्याईले," बारकी म्हणाली.

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी धावत जाऊन माझी डबी आणली, झाकण उघडलं, आणि तिच्यावरही दिवा लुकलुकत होता. नारिंगी.

माझी पाचावर धारण बसली. पण बारकी लॅबमधली बाई. तिचा चेहरा एकदम शांत झाला. "दोघींले एकाच दिवशी एकच बिमारी?" ती म्हणाली. "मंग बिमारी डबीत नाही. काल काय झालं इथं?"

काल झाली होती सफाई. पाहुणे यायचे म्हटलं की माझी आई घरातली दिसेल ती वस्तू पुसून काढते. कॅलेंडरचा खिळासुद्धा सुटत नाही. तिला हाक मारली. ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती, सुरीसकट बाहेर आली.

"आई, ह्या डब्या तू पुसल्या काय?"

"पुसल्या ना. किती मळ होता त्यात. सगळे काढले, ओढणीनं पुसले, परत ठेवून देल्ले."

"कोणते कोणत्या डबीत?"

"डावं-उजवं पाहूनच ठेवलं," आई दुखावून म्हणाली. "मी काय एवढी येडी आहो काय? त्याच्यावर अक्षर राहते ना, तुम्हीच दाखवलं होतं. डाव्या खाचेत डावं, उजव्या खाचेत उजवं."

तिचं एका अक्षरानेही चुकलं नव्हतं. कानातल्या कुड्यांच्या दोन जोड्या असत्या तर तिने केलं तेच कोणीही केलं असतं. पण माझे बड्स जुने होते आणि बाबांचे त्याच कंपनीचे पुढच्या पिढीचे. दिसायला सारखे, आत वेगळे. माझा उजवा बाबांच्या डबीत आणि बाबांचा उजवा माझ्या. दोन डब्यांत दोन विजोड जोडपी बसलेली, जुळणार कुठून?

बड्सच्या दांड्याखाली मॉडेलचा आकडा असतो, पण मुंगीच्या डोळ्याएवढा. बारकीने फोनच्या कॅमेऱ्यातून मोठा करून पाहिला, चारही वाचले आणि जोड्या लावल्या. मी बाबांच्या डबीचं बटण दाबून धरलं. नारिंगी, मग पांढरा. पांढरा लुकलुकायला लागला आणि फोनने बड्स ओळखले. आई म्हणाली, "झालं ना? उगाच मले बोलून राहिल्या." कोणी तिला बोललं नव्हतं.

फाटकाशी गाडी थांबली तेव्हा मी शेवटचं झाकण उघडून पाहिलं. दिवा नारिंगी. माझं बोट बटणाकडे गेलंच होतं. मग लक्षात आलं, तो लुकलुकत नव्हता. स्थिर होता. म्हणजे पोट पूर्ण भरलेलं नाही एवढंच. बड्स काढून बाबांच्या कानात बसवले. त्यांचा फोन टीपॉयवर चिवड्याच्या बशीशेजारी पालथा पडणार नाही असा ठेवला आणि जाऊन पाण्याचे पेले आणले.

मुलगा, त्याची आई आणि मोठेबाबा. पहिली विचारपूस झाली. बाबा नीट उत्तरं देत होते, पण मोठेबाबांना त्यात काही नवल वाटलं नसावं. त्यांचा समज पक्का झालेला होता. कानात पांढरं काहीतरी दिसतंय म्हणून त्यांनी एकदा पाहिलं, आणि म्हातारा गाणी ऐकतो वाटतं, अशा अर्थाने हसले. मग चिवडा घ्यायला पुढे वाकले आणि मुलाच्या आईला हळूच म्हणाले. मी शेजारीच उभी होते म्हणून मला कसंबसं ऐकू आलं.

"नोकरीचं आज पक्कं करून टाकू. याईले कुठं ऐकू येते? मान हलवतेतच."

फोन त्यांच्या हनुवटीखाली होता.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा घास तोंडातच थांबला होता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसते मोठेबाबांच्या ओठांकडे पाहत राहिले. मोठेबाबा मग मोठ्याने, शब्द तोडून तोडून म्हणाले, "मंग भाऊसाहेब, पोरगी नोकरी सोडते, हे आपलं ठरलंच आहे. नाही काय?"

बाबांनी घास गिळला, पाणी प्यायले.

"नाही," ते म्हणाले. "मागच्या वेळी मले ऐकू आलं नव्हतं. मी लाजेखातर हो म्हटलं, ती माही चूक. आज ऐकू आलं. तुम्ही मोठ्यानं बोलले तेही आलं, अन् हळू बोलले तेही. पोरगी नोकरी सोडणार नाही. पटत असंन तर तारीख पाहू."

मोठेबाबांचा हात बशीत तसाच राहिला. मुलाची आई खाली पाहायला लागली. मुलगा म्हणाला, "काका, मलेही हेच म्हणायचं होतं," पण इतक्या उशिरा म्हणाला की बारकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तारीख ठरली नाही. कळवतो म्हणून ते गेले. नंतर त्या मुलाने बारकीला बरेच दिवस फोन केले आणि तिने त्याला बरेच दिवस ताटकळत ठेवलं. ती नोकरी ती अजूनही करते.

पाहुणे गेल्यावर बाबांनी बड्स काढले नाहीत. आम्ही बश्या आवरत होतो; टीपॉय पुसताना त्यांचा फोन मी स्वयंपाकघराच्या दाराशी फळीवर ठेवला होता. बारकी त्यांच्याजवळ बसली आणि तिने त्यांचा हात धरला.

"मोठी," त्यांनी मला हाक मारली. "एक विचारू काय? इतके वर्ष लोक माह्यासमोर असंच बोलत असतीन, नाही?"

आई स्वयंपाकघराच्या दारात पदराने डोळे टिपत होती. "लोकांचं काय मनावर घेता," ती पुटपुटली, नेहमीसारखी, ऐकू न जाण्याच्या बेताने.

"नाही घेत," बाबा म्हणाले, आणि आईचा हात पदरावरच थबकला.