जुन्या फोनमधली गाठोडी

वाकळ शिवताना मी बोलत नाही, म्हणून बायकांना वाटतं मी सगळं ऐकून लक्षात ठेवते. ऐकते हे खरं. लक्षात राहत नाही. चौथीत शाळा सुटली तेव्हाही असंच होतं. बाई विचारायच्या आणि मी मान हलवायचे.

लक्षात राहत नाही म्हणून मी फोनची सवय लावून घेतली. दसरा झाला की ऊसतोडीला जाणाऱ्या बायका जुन्या साड्यांची गाठोडी माझ्याकडं टाकून जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परत आल्या की शिवलेल्या वाकळा घेऊन जातात. गाठोडं आलं की मी अंगणातल्या बाजेवर एकेक साडी पसरायची आणि फोटो काढायची. जी साडी वाकळीच्या वरच्या थराला लावायची, तिचा फोटो पहिला. बाकीच्या पोटात भरायच्या, त्यांचे मागून. प्रत्येकीचा अल्बम वेगळा. एकीचं नाव गिरणीची, कारण तिचं घर पिठाच्या गिरणीला लागून आहे. दुसरी नांदूरघाटची, तिचं माहेर तिकडचं. बायकांचे फोटो काढायला मला संकोच वाटतो, म्हणून नुसत्या साड्यांचेच काढायचे.

मग सगळी गाठोडी सोडून एकदमच विहिरीवर धुवायची, काट्याच्या कुंपणावर वाळत घालायची, आणि फोनमध्ये बघून ज्याची त्याची पुन्हा बांधायची. दोन वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

त्या वर्षी नांदूरघाटचीनं गाठोडं सोडलं तेव्हा सगळ्यात वर पोपटी साडी होती.

"ही माझ्या आईची हाय," ती म्हणाली. "गेल्या साली गेली. हिला फाडू नका. आख्खी वर घ्या. पांघरलं की तोंडाशी यावी."

मी मान हलवली. फोटो काढला. चार दिवसांनी गिरणीची आली. तिच्या गाठोड्यातही तसलीच पोपटी साडी. सिरसाळ्याच्या कुठल्याशा लग्नात थप्पीनं घेऊन आहेरात वाटलेल्या, त्यातल्याच ह्या दोन्ही. गिरणीची म्हणाली, "ही घाला कुटंबी पोटात. रंग बघूनच मला मळमळतं." आम्ही दोघी हसलो.

दिवाळीनंतर सून बीडहून आली आणि तिनं माझ्यासाठी नवा फोन आणला. जुना एका कंपनीचा, हा दुसऱ्याच. त्यात नव्या नंबरचं कार्ड घालून, लागणारी ॲपं टाकून दिली. म्हणाली, "आत्या, फोटोंना सध्या हात लावू नका. पुढच्या रविवारी येऊन मी नीट हलवून देते. मग जुना मामांना देऊ."

पुढच्या रविवारी नातवाला ताप आला. ती येऊ शकली नाही. साड्या धुऊन कुंपणावर वाळत होत्या. इकडं ह्यांनी जुन्या फोनसाठी घाई लावली होती, दिवसातून चारदा विचारायचे. सुनेला फोन करून विचारावं, तर पोरगं आजारी असताना हे काय काढलं, असं तिला वाटेल. मला वाटलं, एवढं आपल्यालाही जमेल.

ज्या ॲपवर ती नातवाचे फोटो पाठवते, त्याच ॲपवरून मी जुन्या फोनमधून नव्या फोनला फोटो पाठवले. हाताला येतील तसे निवडायचे आणि पाठवायचे. दुपारभर तेच केलं. नव्या फोनमध्ये एकेक साडी उमटायला लागली तसा मला फार आनंद झाला. सगळे गेले असं वाटल्यावर जुन्यातले सगळे निवडून काढून टाकले आणि मोकळा फोन ह्यांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी वाळलेल्या साड्या बांधायला बसले. नव्या फोनची गॅलरी उघडली. गिरणीची नाही, नांदूरघाटची नाही. कुणाचाच अल्बम नाही. सगळ्या साड्या एकाच ढिगात, आणि प्रत्येकीवर कालचीच तारीख. मागच्या वर्षी शिवून दिलेल्या वाकळींच्या साड्याही कालच्याच. कुठला फोटो आधीचा, कुठला नंतरचा, काही कळेना. कुंपणावरचा गोंधळ जसाच्या तसा फोनमध्ये आला होता.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "झालं का फोटोंचं? मामा म्हणत होते तुम्हीच केलं."

"झालं."

"अल्बमसकट आले? तारखा बरोबर?"

"हो," मी म्हणाले. "सगळं आलं."

हे वाक्य आठवलं की आजही हातातली सुई थांबते.

बऱ्याच साड्या मला आठवणीनं लावता आल्या. दोन पोपटी राहिल्या. नांदूरघाटचीचा नंबर माझ्याकडं होता. तिची टोळी कर्नाटकात गेली होती, तरी फोन लागला असता. पण काय म्हणायचं? तुझ्या आईची साडी कुठली ते मला ओळखू येईना? दोन दिवस मी त्या दोन घड्या घेऊन बसले. एक जरा नवी दिसत होती. दुसरी विटलेली, पदराजवळ आतून तळहाताएवढं ठिगळ, त्याचे टाके पांढऱ्या दोऱ्याचे. मी मनाशी ठरवलं, आईची म्हणून जपून ठेवलेली साडी नवीच असणार. नवी दिसणारी नांदूरघाटचीच्या वाकळीवर लावली. ठिगळाची तिथंच कापून तीन तुकडे केले आणि गिरणीचीच्या वाकळीत घातली. वरून थर लावला, टाके घातले. दोन्ही वाकळा घड्या घालून ठेवल्या.

शेवटी महिना भरत आला तेव्हा सून आली. नातू बरा झाला होता. चहा पिता पिता तिनं सहज माझा फोन घेतला, आणि तिचा कप तसाच राहिला.

"आत्या, हे तर सगळे एका दिवसाचे दिसतात."

मी चुलीकडं बघत राहिले.

"तुम्ही चॅटवरून धाडले ना?" ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "फोटो कधी काढला ते फोटोच्याच आत लिहिलेलं असतं. चॅटवरून पाठवला की ते गळून पडतं. मग आला तो दिवस लागतो. आणि अल्बम म्हणजे फोल्डर. सुटे फोटो पाठवले तर फोल्डर कसं येईल? जुन्यातले काढून टाकले?"

"टाकले."

"मामा, फोन आणा तो."

ह्यांनी कुस्तीचा व्हिडिओ अर्धा सोडून फोन दिला. "कावून? काय झालं?"

"काही न्हाई, तुमी बसा," मी म्हणाले.

सुनेनं गॅलरीच्या आत कुठंतरी जाऊन हटवलेल्या फोटोंची पेटी उघडली. मला ती असते हेच ठाऊक नव्हतं. सगळ्या साड्या तिथं होत्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात उरलेले दिवस लिहिले होते. "तीस दिवस ठेवतो," ती म्हणाली. "पाच राहिलेत." तिनं सगळे परत आणले. परत आले ते आपापल्या अल्बममध्येच जाऊन बसले. गिरणीची आली. नांदूरघाटची आली.

मग तिनं नव्या फोनच्या कंपनीचं सामान हलवायचं ॲप जुन्या फोनमध्येही घेतलं. दोन्ही फोन शेजारी ठेवले, एकावरचा चौकोनी कोड दुसऱ्यानं टिपला, आणि यादीत फक्त फोटोंवर खूण केली. चहा पुन्हा गरम होईपर्यंत काम झालं. तरी तिनं जुन्यातलं काहीच काढलं नाही. आधी तीन-चार फोटोंचे तपशील उघडून दोन्हीकडच्या तारखा ताडून पाहिल्या. अल्बमची नावं आली होती, तारखा आणि वेळही बरोबर होती. फक्त अल्बमवर मी लावलेली मुखपृष्ठं आली नाहीत. "ते जुन्या गॅलरीचं स्वतःचं असतं, ते येत न्हाई," ती म्हणाली. "तेवढं तुमी लावा."

ती मुखपृष्ठं लावतानाच मला कळलं. नांदूरघाटचीच्या अल्बममधला पहिला फोटो उघडला. पोपटी साडी, विटलेली. फोटो मोठा केला. पदराजवळ पांढऱ्या टाक्यांचं ठिगळ.

जपून ठेवलेली नव्हती ती. त्या माउलीनं ती नेसून नेसून झिजवली होती.

सून शेजारीच बसली होती. "सगळं बरोबर हाय ना आता?" तिनं विचारलं. मी पुन्हा मान हलवली. एकदा हो म्हणून एवढं झालं होतं, तरी हलवली.

ती गेल्यावर दोन्ही वाकळा काढल्या आणि उसवायला बसले. शिवायला लागले त्याहून उसवायला जास्त दिवस लागले. तिन्ही तुकडे बाहेर काढले, धुतले, इस्त्री केली, जमेल तितक्या बारीक टाक्यांनी जोडले आणि नांदूरघाटचीच्या वाकळीवर लावले. नवी दिसणारी काढून गिरणीचीच्या वाकळीच्या पोटात घातली. पोपटीला पोपटीच दोरा घेतला. तरी जोड दिसायचे. लांबून नाही, पण हात फिरवला की लागायचे.

पाडव्यानंतर नांदूरघाटची आली. मी वाकळ तिच्यासमोर पसरली आणि जे सांगायचं ते खाली बघून सांगितलं. फोनचं सांगितलं, अंदाजानं लावली ते सांगितलं, कापली ते सांगितलं. ती वाकळीवरून बोट फिरवत गेली आणि थांबत गेली.

"हितं," ती म्हणाली. मग, "हितं बी."

"हो."

"नंबर न्हवता का माझा?"

"होता."

"मग फोन करायचा की ओ बाई. मी उसाच्या फडात होते. मेले तर न्हवते."

मी फोन काढून अल्बमचा पहिला फोटो तिला दाखवला. अख्खी साडी, बाजेवर पसरलेली. तिनं फोन जवळ घेतला. मग ठिगळावर दोनदा बोट टेकवलं, तर फोटो मोठा झाला. ठिगळ कसं पडलं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. वाकळीची घडी घातली, डोक्यावर घेतली आणि गेली.

गिरणीचीला मी काहीच सांगितलं नाही. तिची वाकळ उसवून पुन्हा शिवली हे तिला कळलं नाही. पोटात पोपटी आहे ना, एवढंच तिनं विचारलं. सुनेलाही अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, पाच दिवस उरले होते तेव्हा सगळं वाचलं.

ह्या दसऱ्याला नांदूरघाटची आली नाही. तिची जाऊ आली, स्वतःचं गाठोडं घेऊन. मी बाज टाकली, फोन काढला. ती हसू दाबत म्हणाली, "थोरलीनं निरोप दिलाय. म्हनली, वाकळवालीला सांग, अडलं तर फोन कर, लई बिल न्हाई येत."

म्हणजे साऱ्या टोळीला ठाऊक झालं होतं. माझे कान तापले. तिच्या साड्यांचे फोटो काढले, त्यातल्या एकीवर तिचा हातही येऊ दिला.

चार दिवसांनी त्या जावेच्या वाकळीला दोऱ्याचा रंग कुठला घ्यावा, हे मला ठरवता येईना. लाल चालला असता, निळाही चालला असता. मी नांदूरघाटचीचा नंबर काढला. दोनदा लावून तोडला. तिसऱ्यांदा लागला, आणि पलीकडून ऊस तोडल्याचा आवाज यायला लागला.